पोस्टवर ‘किंमत?’ येते, पण चौकशी पुढे सरकत नाही : उत्तर नेमके कुठे अडकते

छोट्या दुकानांची इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची खाती सांभाळणाऱ्यांकडे एक तक्रार वारंवार येते. रील चांगली चालते, तिच्याखाली ‘किंमत?’, ‘प्राइस प्लीज’, ‘ही आहे का अजून?’ अशा कमेंटची रांग लागते, दुकान प्रत्येक कमेंटला ‘मेसेज केला आहे, कृपया पाहा’ असे उत्तर देते, आणि तरीही आठवड्याच्या शेवटी ज्यांच्याशी खरोखर बोलणे झाले असे ग्राहक मोजकेच निघतात. ‘लोकांना फक्त किंमत विचारायची हौस असते, घ्यायचे कोणालाच नसते’ असा निष्कर्ष दुकानदार यातून काढतात आणि हळूहळू कमेंटना उत्तर देणेच सोडून देतात. माझ्या अनुभवात हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. विचारणाऱ्यांपैकी काहींना वस्तू खरोखर हवी असते. त्यांच्यापर्यंत उत्तर पोहोचत नाही, किंवा पोहोचते तेव्हा त्यात पुढे बोलण्यासारखे काही नसते.

हे नीट समजावे म्हणून येवल्यातील पैठणीच्या एका छोट्या दुकानाचे उदाहरण घेऊ. दुकानात मालक, त्यांच्या पत्नी आणि एक मदतनीस एवढीच माणसे आहेत, माल बराचसा हातमागावरचा आहे आणि प्रत्येक रंगाचा बहुधा एकच नग असतो. पैठणी हा विषय येथे मुद्दाम निवडला आहे, कारण ग्राहक ती विचार करून घेतो, तिची किंमत मोठी असते आणि घेण्यापूर्वी तिच्याबद्दल चार प्रश्न विचारले जातातच. अशा मालात उत्तराची घाई आणि उत्तराचा दर्जा या दोन्हींचा परिणाम लगेच दिसतो.

आधी गळती कुठे आहे ते पाहा

‘चौकशी’ कशाला म्हणायचे हे आधी ठरवले नाही, तर सुधारणा झाली की नाही हे कळत नाही. नुसती ‘किंमत?’ ही कमेंट म्हणजे चौकशी नव्हे. कधीपर्यंत हवी आहे, बजेट किती आहे, कोणता रंग किंवा काठ हवा आहे आणि कोणत्या गावी पाठवायची आहे, या चारपैकी किमान दोन गोष्टी ज्याने सांगितल्या, त्याची चौकशी खरी धरावी, असा माझा आग्रह असतो. ज्याने ‘वीस तारखेला साखरपुडा आहे’ असे सांगितले, तो ग्राहक मनाने दुकानात येऊन बसलेला आहे.

मग एक आठवडा वहीत चार रकाने आखून नोंद ठेवावी : किती जणांनी विचारले, किती जणांना उत्तर गेले, उत्तरानंतर किती जणांनी पुन्हा काही लिहिले आणि किती जणांनी वरीलपैकी दोन गोष्टी सांगितल्या. समजा, एका रीलखाली ४० जणांनी किंमत विचारली, चाळिसांनाही उत्तर दिले गेले, त्यांपैकी ६ जणांनी परत लिहिले आणि २ जणांनी तारीख व बजेट सांगितले. येथे मोठी घसरण चाळीस आणि सहा यांच्यामध्ये आहे. याचा अर्थ उत्तर एक तर पोहोचले नाही, किंवा पोहोचले तरी त्याला प्रत्युत्तर द्यावे असे त्यात काही नव्हते. विचारणाऱ्यांची संख्या आणि उत्तरे यांच्यातच अंतर पडत असेल, तर अडचण वेळेची आणि माणसांची असते. लोक परत लिहितात पण दोन गोष्टी सांगेपर्यंत टिकत नाहीत, असे दिसले तर दोष संभाषणाच्या शब्दांत असतो. या तिन्ही दोषांचे उपाय वेगळे असल्याने ही नोंद टाळून पुढे जाऊ नये.

‘मेसेज केला आहे’ हे उत्तर का वाया जाते

चाळीस आणि सहा यांच्यातील घसरण मला सर्वांत जास्त वेळा दिसते, आणि तिचे मूळ बहुधा या एका वाक्यात असते. दुकानाने कमेंट करणाऱ्याला इन्स्टाग्रामवर स्वतःहून संदेश पाठवला आणि ती व्यक्ती दुकानाच्या खात्याला फॉलो करत नसेल, तर तो संदेश तिच्या मुख्य पेटीत न जाता Requests या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो. पुष्कळ लोक हा कप्पा उघडतच नाहीत, कारण तेथे अनोळखी माणसांचे नको असलेले संदेश साठलेले असतात. शिवाय ती व्यक्ती विनंती स्वीकारत नाही तोवर दुकानाला सहसा एकच लेखी संदेश पाठवता येतो आणि फोटो जोडता येत नाही. म्हणजे दुकानदार दहा मिनिटांत चाळीस संदेश पाठवून मोकळा होतो, त्याच्या दृष्टीने उत्तर तत्काळ गेलेले असते आणि ग्राहकाच्या दृष्टीने ते आलेलेच नसते.

याची खात्री करणे सोपे आहे. जी व्यक्ती दुकानाला फॉलो करत नाही अशा एखाद्या नातेवाइकाला पोस्टवर ‘किंमत?’ असे लिहायला सांगावे, नेहमीच्या पद्धतीने त्यांना संदेश पाठवावा आणि त्यांच्या फोनवर तो कुठे दिसतो, सूचना वाजते का, हे शेजारी बसून पाहावे. ज्या दुकानदारांनी हे एकदा पाहिले, त्यांना पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही.

यावर उपाय असा, की किंमत कमेंटमध्येच सांगावी आणि संदेश ग्राहकाला करू द्यावा. ग्राहकाने आधी लिहिले की त्याच्या बाजूने संभाषण सुरू झालेले असते, त्यामुळे दुकानाचे उत्तर त्याच्या मुख्य पेटीत येते आणि सूचनाही वाजते. उत्तर लिहिताना त्याच्या कमेंटखालचे Reply दाबूनच लिहावे. काही दुकाने ‘सर्वांसाठी : किंमत १४,५००’ अशी एक स्वतंत्र कमेंट टाकतात, तिची सूचना विचारणाऱ्या कोणालाही जात नाही आणि ती शंभर कमेंटच्या गर्दीत बुडून जाते.

समजा, आपल्या उदाहरणातील दुकानाने १०४ क्रमांकाच्या एका जांभळ्या पैठणीची रील टाकली, तर कमेंटमधले उत्तर असे असू शकते : ‘नमस्कार. ही हातमागावरची, मुनिया काठाची पैठणी आहे. किंमत १४,५०० रुपये, पाठवण्याचा खर्च वेगळा. आपल्याला हाच रंग हवा आहे की दुसरा? आम्हाला “मुनिया १०४” एवढे लिहून मेसेज केलात तर पदराचा व्हिडिओ पाठवतो.’ या चार वाक्यांत किंमत आहे, वस्तू काय आहे ते आहे, उत्तर देता येईल असा एक सोपा प्रश्न आहे आणि पुढे काय करायचे हेही आहे. ‘ताई’ किंवा ‘दादा’ हे संबोधन खात्याच्या नावावरून खात्री असेल तेव्हाच वापरावे. चुकीच्या संबोधनापेक्षा नुसते ‘नमस्कार’ बरे. हाच मजकूर अक्षरशः तसाच चाळीस ठिकाणी भराभर चिकटवू नये, कारण एकसारखा मजकूर वारंवार टाकणाऱ्या खात्याला कमेंट लिहिण्यापासून काही काळ रोखले जाऊ शकते. दोन-तीन निरनिराळी वाक्ये तयार ठेवून विचारलेल्या प्रश्नाप्रमाणे ती थोडी बदलत राहावे.

किंमत उघड लिहायला दुकानदार कचरतात, आणि त्यांची बाजू मी नेहमी ऐकून घेतो. शेजारच्या दुकानाला भाव कळेल, भाव पाहून ग्राहक परत फिरेल, घासाघीस करायला जागा उरणार नाही, असे तीन आक्षेप असतात. शेजारच्या दुकानदाराला भाव जाणून घ्यायचाच असेल तर तो दुसऱ्या खात्यावरून विचारू शकतो, तेव्हा पहिल्या आक्षेपात फारसा अर्थ नाही. भाव पाहून जो परत फिरतो, तो अर्ध्या तासाच्या गप्पांनंतरही परतच फिरला असता. मधला अर्धा तास मात्र दुसऱ्या ग्राहकाला मिळाला असता. तिसरा आक्षेप काही अंशी खरा आहे, पण त्याला पुढे उत्तर आहे. मागणीप्रमाणे विणून द्यायच्या पैठणीची नेमकी किंमत आधी सांगता येत नाही. तेथे ‘या काठात व पदरात इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी मर्यादा द्यावी आणि फरक कशामुळे पडतो ते एका वाक्यात सांगावे.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. इन्स्टाग्रामच्या कमेंटमध्ये लिहिलेली लिंक दाबून उघडत नाही. ती प्रोफाइलवर किंवा संदेशात दिलेली असेल तर उघडते. म्हणून व्हॉट्सॲपची लिंक प्रोफाइलवर ठेवावी आणि संदेशातून पाठवताना तिच्या शेवटी नगाचा क्रमांक जोडावा :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Munia-104
```

येथे ९१ नंतर दहा आकडी क्रमांक लिहायचा असतो. आधी अधिकचे चिन्ह, शून्य किंवा मध्ये मोकळी जागा ठेवायची नसते. ग्राहकाने लिंक दाबली की त्याच्या व्हॉट्सॲपमध्ये Munia-104 हा मजकूर आपोआप लिहिलेला येतो आणि त्याने फक्त पाठवायचे राहते. दुकानाला पहिल्याच संदेशात कळते, की प्रश्न कोणत्या साडीचा आहे. ‘कोणती साडी? फोटो पाठवा’ या उलटसुलट विचारण्यात जो वेळ जातो आणि जो ग्राहक तेवढ्यात दुसरीकडे वळतो, ते दोन्ही या एका क्रमांकाने वाचतात. त्यासाठी प्रत्येक नगाला क्रमांक देऊन तो घडीवर चिठ्ठी लावून लिहिला पाहिजे, हे मात्र दुकानातच करावे लागते.

आलेला संदेश दुकानालाच दिसत नाही

हीच अडचण उलट दिशेनेही घडते. दुकानाच्या खात्यातही Requests हा कप्पा असतो आणि अनोळखी ग्राहकाचा पहिला संदेश तेथे येऊ शकतो. त्याच्याही आत Hidden Requests असतो, जेथे इन्स्टाग्रामला संशयास्पद वाटलेले संदेश जातात. एखाद्या ग्राहकाने फक्त एक लिंक किंवा अनोळखी शब्द लिहिला तर त्याचाही संदेश तेथे सापडू शकतो. पोस्टखाली अगदी तळाशी लपवलेल्या कमेंट पाहण्याची सोयही असते. सकाळी दुकान उघडल्यावर हे तीन कोपरे एकदा पाहणे एवढेच यावर पुरेसे आहे. ॲपच्या नव्या आवृत्तीत ही नावे थोडी बदलतात, पण कप्पे राहतात.

याहून अधिक ग्राहक हातचे जातात ते ‘पाहिले, नंतर लिहू’ यामुळे. मालकांनी गल्ल्यावर बसून संदेश उघडला, तेवढ्यात समोर गिऱ्हाईक आले, संदेश वाचलेला ठरला आणि तो न वाचलेल्यांच्या यादीतून निघून गेला. त्यावर नियम असा ठेवावा, की उत्तर देता येणार नसेल तर संदेश उघडायचा नाही, आणि चुकून उघडला तर त्यावर बोट दाबून धरून तो लगेच Mark as unread करायचा. दोन माणसे एकच खाते पाहत असतील, तर ‘तुम्ही उत्तर दिले असेल असे मला वाटले’ हा प्रसंग ठरलेलाच. येथे कामाची वाटणी वेळेवर करावी, ग्राहकांवर नव्हे : सकाळ एकाची, दुपार दुसऱ्याची. व्हॉट्सॲप बिझनेस मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणांवर जोडता येते, त्यामुळे दुकानातला संगणक आणि घरचा फोन दोन्हींवर एकच संभाषण दिसते आणि फोन एकमेकांकडे फिरवावा लागत नाही.

उत्तर लवकर गेले, तरी बोलणे का थांबते

आता संभाषणाच्या शब्दांकडे येऊ. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये Quick replies नावाची सोय आहे. तिरकी रेघ आणि ठरवलेला छोटा शब्द लिहिला की साठवलेला पूर्ण मजकूर समोर येतो. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यातही Saved replies म्हणून अशीच सोय आहे. या सोयींचा मी पुरस्कर्ता आहे, पण बहुतेक दुकानांनी त्यांत भरलेला मजकूर पाहिला की चौकशी का थांबते ते कळते : दुकानाची परंपरा, पत्ता, वेळ, अटी, परत न घेण्याचा नियम, तीन फोन क्रमांक आणि शेवटी हात जोडल्याचे चिन्ह. ग्राहकाने विचारलेले असते ‘१०४ आहे का?’ आणि त्याचे उत्तर या सगळ्यात कुठेच नसते.

साठवलेल्या मजकुराचे लहान तुकडे करावेत आणि एक तुकडा एकाच प्रश्नाला द्यावा. पैठणीच्या दुकानाला माझ्या मते पाच-सहा तुकडे पुरतात : नग आहे किंवा नाही, हातमागावरची की सेमी म्हणजे यंत्रमागावरची, रेशीम आणि जरीबद्दल, पाठवण्याचा खर्च आणि दिवस, पैसे कसे द्यायचे, आणि विणून देण्याची मुदत. त्यातला ‘हातमाग की सेमी’ हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याला आडवळणाने उत्तर दिले की ग्राहकाचा विश्वास तेथेच संपतो. उत्तर सरळ असावे : ‘ही हातमागावरची आहे. पदराची मागची बाजू दाखवतो. हाताने विणलेल्या पदरावर मागेही नक्षी तशीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत.’ आणि सेमी असेल तर ‘ही सेमी पैठणी आहे, म्हणून तिची किंमत कमी आहे’ असे तितक्याच सरळपणे लिहावे. सिल्क मार्कचे लेबल असलेल्या साडीला त्या लेबलाचा फोटो न मागताच जोडावा.

एक संभाषण सुरुवातीपासून पाहू. ग्राहक बाई ‘Munia-104’ असे पाठवतात.

दुकान : नमस्कार ताई. १०४ दुकानात आहे, किंमत १४,५०० रुपये. उजेडात काढलेला पदराचा आणि मागच्या बाजूचा व्हिडिओ सोबत पाठवला आहे. आपल्याला कोणत्या कार्यासाठी हवी आहे?

ग्राहक : सुंदर आहे. किंमत कमी होईल का?

येथेच बहुतेक बोलणी तुटतात. ‘नाही, फिक्स रेट आहे’ असे लिहिले तर दार बंद होते. ‘शेवटचे तेरा’ असे लिहिले तर ग्राहकाला वाटते, की पहिली किंमत फुगवलेली होती, आणि मग बारा का नाही, हा प्रश्न येतोच. दोन्हींऐवजी किंमतीचे कारण एका वाक्यात सांगून प्रश्न बजेटकडे वळवावा.

दुकान : ताई, ही हातमागावरची असल्याने या नगाची किंमत ठरलेली आहे. आपण साधारण किती रकमेत पाहत आहात ते सांगितलेत, तर त्यात बसणाऱ्या दोन चांगल्या दाखवतो. कार्य कधी आहे?

ग्राहक : मुलीचा साखरपुडा आहे पुढच्या महिन्याच्या २० तारखेला. बारापर्यंत घ्यायची आहे.

आता तारीख आणि बजेट दोन्ही कळले, म्हणजे आपल्या व्याख्येप्रमाणे ही खरी चौकशी झाली. यापुढे दुकानाचा मोह असा असतो, की बारा हजारांच्या आतल्या पंचवीस साड्यांचे फोटो एकदम पाठवावेत. त्याने ग्राहकाचे काम वाढते, ‘घरी दाखवून सांगते’ असे उत्तर येते आणि गोष्ट तेथेच राहते. दोन किंवा फार तर तीन नग पाठवावेत, प्रत्येकाखाली क्रमांक, किंमत आणि एका ओळीत वेगळेपणा लिहावा, आणि त्यानंतर व्हिडिओ कॉलची वेळ सुचवावी : ‘आज साडेचार वाजता पाच मिनिटे व्हिडिओवर उलगडून दाखवू का, की संध्याकाळी सात वाजता सोयीचे होईल?’ दोन वेळा पुढे ठेवल्याने ग्राहकाला त्यांतली एक निवडता येते. ‘कधी फोन करू?’ असे विचारले तर ठरवण्याचे ओझे तिच्यावर पडते. संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर जांभळा आणि गर्द निळा यांत फसगत होते, म्हणून रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कपड्याशेजारी धरून दाखवावा. रंग वेगळा निघाला म्हणून परत आलेली साडी दुकानाला फार महाग पडते.

बोलणे झाले की त्या संभाषणाला Labels मधून खूण लावावी आणि खुणेतच तारीख लिहावी, उदाहरणार्थ ‘साखरपुडा २०’. व्हॉट्सॲपने आधीच ठेवलेल्या बहुतेक खुणा ऑर्डर आणि पैशांच्या आहेत. पैठणीच्या दुकानाला कार्याच्या तारखेची खूण त्याहून जास्त उपयोगी पडते, कारण कोणाला आधी उत्तर द्यायचे ते तिच्यावरून ठरते.

किती लवकर म्हणजे लवकर

तीन माणसांच्या दुकानाला दिवसभर क्षणोक्षणी उत्तर देता येत नाही आणि तशी अपेक्षा धरून सुरुवात केली तर चार दिवसांत सगळे थकतात. माझा सल्ला असा, की पोस्ट अशा वेळीच टाकावी जेव्हा त्यानंतरचा एक तास कोणीतरी फोन घेऊन बसू शकते. रात्री साडेनऊला रील टाकून झोपणे आणि सकाळी अकराला पहिले उत्तर देणे, हा दोष मी अनेक दुकानांत पाहिला आहे. रात्री विचारणाऱ्याने तोवर दुसऱ्या दुकानांची रीलही पाहिलेली असते. रात्रीच टाकायची असेल तर साडेआठला टाकावी आणि साडेनऊपर्यंत बसावे. त्यानंतर दिवसाच्या तीन ठरलेल्या वेळा पुरेशा आहेत : दुकान उघडल्यावर, दुपारी गर्दी ओसरल्यावर आणि वाढवण्यापूर्वी.

मधल्या वेळेसाठी व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये दोन आपोआप जाणारे संदेश आहेत. Greeting message नव्याने लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस बोलणे नसलेल्याला, जातो. Away message दुकानाच्या वेळेबाहेर जातो. दोन्हींत ‘लवकरच संपर्क करू’ असे लिहिणे व्यर्थ आहे. नेमकी वेळ आणि एक प्रश्न लिहावा : ‘दुकान आता बंद आहे, सकाळी साडेदहाला आम्ही उत्तर देऊ. तोवर साडीचा क्रमांक आणि कधीपर्यंत हवी आहे ते लिहून ठेवा.’ ग्राहकाने रात्रीच दोन गोष्टी लिहिल्या तर सकाळी दुकान थेट साड्या दाखवण्यापासून सुरू करते. साडेदहा लिहिले असेल तर साडेदहाला उत्तर गेलेच पाहिजे. ते पाळता येणार नसेल तर वेळ अकराची लिहावी.

कमेंटवर ठरलेला शब्द लिहिला की आपोआप संदेश पाठवणारी साधनेही हल्ली दुकाने घेतात. ती घेण्यापूर्वी एक मर्यादा माहीत असावी : या मार्गाने एका कमेंटला, ती आल्यापासून सात दिवसांच्या आत, एकच संदेश पाठवता येतो, आणि ग्राहकाने प्रत्युत्तर दिले तरच साधन पुढे बोलू शकते. म्हणून त्या एका संदेशात माहितीचा ढीग घालू नये. किंमत, व्हॉट्सॲपची क्रमांकासह लिंक आणि एक प्रश्न एवढेच असावे. चाळीस कमेंट आठवड्यातून एखाद्या वेळी येणाऱ्या दुकानाला या साधनाची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

विकली गेलेली साडी

एकच नग असलेल्या मालात आणखी एक अडचण कायम येते. रील महिनाभर फिरत राहते, साडी मात्र दुसऱ्याच दिवशी विकली जाते, आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला ‘गेली’ असे उत्तर मिळते. साडी विकली की सर्वांत आधी पोस्टचे कॅप्शन बदलावे; ते प्रसिद्ध झाल्यानंतरही बदलता येते. पहिल्याच ओळीत लिहावे, कारण पुढचा मजकूर दाबल्याशिवाय दिसत नाही : ‘१०४ विकली गेली. हाच काठ दुसऱ्या रंगांत आहे, किंवा विणून मिळेल.’ रील काढून टाकू नये, कारण तिच्यावर येणारे लोक दुकानासाठी नवेच असतात.

विणून देण्याबद्दल लिहिताना मुदत ताणून सांगावी. साध्या बुट्टीच्या पैठणीला काही आठवडे लागतात आणि भरगच्च पदराच्या नक्षीला महिने जातात. कारागिराकडे माग मोकळा कधी होणार हे विचारल्याशिवाय तारीख देऊ नये. ज्यांचे कार्य त्याआधी आहे त्यांना तसे सांगून तयार नगाकडे वळवावे. ‘आमच्याकडे वेळेत होणार नाही’ असे प्रामाणिकपणे सांगितलेला ग्राहक पुढच्या कार्याला त्याच दुकानाला विचारतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

ग्राहक गप्प झाला तर

व्हिडिओ पाहून ग्राहक गप्प झाला, तर दोन दिवसांनी एकदा लिहावे आणि त्यात काहीतरी नवे असावे : तिच्या बजेटमध्ये आलेला नवा नग, किंवा ‘२० तारखेसाठी फॉल-पिको करून पाठवायची असेल तर १० पर्यंत कळवा, म्हणजे वेळेत पोहोचेल’ अशी उपयोगी मुदत. ‘काय ठरले?’ हा प्रश्न विचारू नये, तो वसुलीसारखा ऐकू येतो. त्यानंतरही उत्तर आले नाही तर थांबावे. सतत येणाऱ्या संदेशांना कंटाळून लोक क्रमांक ब्लॉक करतात किंवा तक्रार नोंदवतात, आणि अशा तक्रारी वाढल्या तर दुकानाच्या व्हॉट्सॲप खात्यावरच बंधने येऊ शकतात.

आपल्या कमेंटखाली दुसरेच कोणी उत्तर देत नाही ना, यावरही लक्ष असावे. दुकानाचे नाव आणि फोटो उचलून बनवलेली खोटी खाती ‘या क्रमांकावर संपर्क करा’ असे ग्राहकांना लिहितात आणि आगाऊ पैसे घेऊन गायब होतात. अशी कमेंट दिसताच ती पुसून खात्याची तक्रार करावी, आणि खरा व्हॉट्सॲप क्रमांक फक्त प्रोफाइलवरच आहे, असे कॅप्शनमध्ये लिहावे. ग्राहकाने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दिला तरी रक्कम बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्यावरच साडी बांधायला घ्यावी.

सुधारणा झाली की नाही

हे बदल करून पुन्हा एक आठवडा त्याच चार रकान्यांत नोंद घ्यावी. कमेंटमध्ये किंमत लिहू लागल्यावर परत लिहिणाऱ्यांची संख्या पहिल्या आठवड्यात कमीही होऊ शकते, कारण ज्यांना परवडणार नव्हते ते आता संदेश करत नाहीत. पाहायचा आहे तो शेवटचा रकाना. तो वाढला नाही आणि उत्तरे मात्र वेळेवर, पूर्ण आणि योग्य पेटीत जात असतील, तर शोध दुसरीकडे न्यावा. मागावर पैठणी विणतानाची रील पाहायला लोकांना फार आवडते आणि तिच्याखाली ‘काय कारागिरी आहे!’ अशा शेकडो कमेंट येतात. त्यांतली बहुतेक माणसे ग्राहक नसतात, त्यांना मनापासून धन्यवाद द्यावेत आणि चौकशीच्या मोजणीत धरू नये. ज्या रीलमध्ये साडी अंगावर नेसलेली, तिचा क्रमांक आणि किंमत पहिल्या काही सेकंदांत दिसते, तिच्या कमेंट वेगळ्या मोजाव्यात. त्या मोजणीतही लोक किंमत ऐकूनच थांबत असतील, तर उत्तर देण्याच्या पद्धतीत आणखी बदल करून उपयोग नाही. त्या भावात दुसऱ्या दुकानांत काय मिळते आहे, हे आता पाहावे लागेल.